‘बाय’ आणि ‘टू’

“मुलीला इंग्रजी संज्ञा पाठ आहेत, तरी पुस्तपालनाची उदाहरणे चुकतात. असे का होते?”

ताई, लालबागला बारावीची शिकवणी घेताना मला दिसते, की ‘डेप्रिसिएट’ म्हणजे घसारा आकारणे हे मुलांना ठाऊक असते, पण त्यापुढचा ‘बाय’ किंवा ‘टू’ हा चिमुकला शब्द नजरेतून निसटतो. भागीदाराच्या प्रवेशाच्या उदाहरणात ४०,००० रुपयांचे फर्निचर ‘बाय’ ८,००० कमी करायचे असेल, तर पुनर्मूल्यांकन खात्यावर ८,००० तोटा येतो आणि ताळेबंदात ३२,००० उरतात. ‘टू’ ८,००० असेल, तर नेमके उलट: तोटा ३२,००० आणि ताळेबंदात उरतात ८,०००. पंचाईत अशी, की चुकीचा आकडा दोन्हीकडे सारखाच गेल्याने ताळेबंद बिनबोभाट जुळतो. सराव करताना तिला आकड्याशेजारी आधी ‘ने’ किंवा ‘पर्यंत’ लिहायला सांगा, मगच नोंद करू द्या.