एक स्पष्ट फ्रेम पुरेशी की अख्खी क्लिप बघायला हवी?

वाटसरू: व्हिडिओतला माणूस अमुकच आहे हे ठरवायचं असेल तर क्लिपमधली सगळ्यात स्पष्ट फ्रेम काढायची आणि फोटोशी ताडून बघायची, झालं ना? मित्राशी यावरून वाद झाला, तो म्हणतो एका फ्रेमवर काहीच ठरवू नकोस. चेहरा तर फ्रेममध्ये दिसतोच आहे, मग उरलेल्या क्लिपमध्ये असं वेगळं काय असतं?

मिलिंद_७: तुमचंच बरोबर आहे. ओळखपत्रावर एकच फोटो असतो आणि त्यावर जगभरचे व्यवहार चालतात. उरलेल्या क्लिपमध्ये काय असतं, तर पाठमोरा माणूस, खाली घातलेली मान, अर्धा चेहरा. असल्या फ्रेम्स कितीही जमवल्या तरी एका चांगल्या फ्रेमची सर त्यांना येत नाही, उलट बघणाऱ्याचा गोंधळ वाढतो.

सुहास_क: मिलिंद, ओळखपत्राच्या फोटोत माणूस थांबलेला असतो, समोर बघत असतो, तोंडावर उजेड असतो. फुटेजमधल्या फ्रेमला यातलं काहीच मिळत नाही. कॅमेऱ्याचं फुटेज तपासणं हे माझं रोजचं काम आहे म्हणून एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो.

रात्रीचं फुटेज होतं, सेकंदाला २५ फ्रेम, माणूस जेमतेम ३ सेकंद दिसतो, म्हणजे ७५ च्या आसपास फ्रेम्स. त्यातली एक फ्रेम कोणीतरी आधीच छापून आणली होती आणि तिच्यात डाव्या गालावर काळा ठिपका. ज्याच्यावर संशय होता त्याच्याही डाव्या गालावर तीळ. सगळ्यांच्या दृष्टीने विषय संपलेला होता.

मी मूळ फाइल मागवली आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत गेलो. ठिपका आधीच्या काही फ्रेम्समध्येही होता, म्हणजे खराच वाटावा असा. पण माणूस मान वळवतो तेव्हा नाक सरकतं, कान दिसायला लागतो, आणि ठिपका मात्र गालाबरोबर फिरत नाही, तो जबड्याकडे घसरतो. पुढे एका फ्रेमला चित्र एकदम धुऊन काढल्यासारखं झालं आणि ठिपका गायब, तो शेवटपर्यंत परत आला नाही. त्यानंतर गाल चांगला समोर येतो, तरी नाही.

कारण असं, की व्हिडिओत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एक पूर्ण चित्र असतं, त्याला आय-फ्रेम म्हणतात, आणि मधल्या फ्रेम्स म्हणजे आधीच्या चित्राचे चौकोनी तुकडे उचलून, सरकवून, थोडीफार दुरुस्ती करून बनवलेल्या असतात. दुरुस्तीला जागा कमी पडली की चूक तशीच पुढच्या फ्रेममध्ये जाते, तिथून तिच्या पुढच्या, आणि पुढचं पूर्ण चित्र आलं की एकदम पुसली जाते. त्यात तो चेहरा ३० पिक्सेल रुंद होता. खरा चेहरा धरा १५ सेमी, म्हणजे एका पिक्सेलला अर्धा सेंटीमीटर. ३-४ मिलीमीटरचा तीळ तिथे धड एक पिक्सेलही भरत नाही, तो इतका ठसठशीत दिसतोय इथेच शंका यायला हवी होती. नुसत्या छापील फ्रेमवरून हे सांगणं कोणालाच शक्य नव्हतं.

अंगद: आमच्या ऑफिसात अगदी हेच झालं होतं!! बॅग उचलली म्हणून एकावर आळ आला, फोटोत तोच दिसत होता, चेकचा शर्ट वगैरे, आणि मग सगळ्यांनी मिळून पूर्ण रेकॉर्डिंग बघितलं तर तो माणूस बॅग उचलून रिसेप्शनवर नेऊन देतोय. तेव्हा क्लिप अर्धी कापून पाठवणाऱ्यांना पहिलं पकडलं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

रेवती: अंगद, तुमच्याकडे माणूस बरोबरच ओळखला होता, काय करत होता ते चुकीचं समजलं. तेही महत्त्वाचं आहेच पण इथे प्रश्न माणूस कोण याचा आहे.

मी चेहरा ओळखण्याच्या मानसशास्त्रावर शिकवते, त्या बाजूने सांगते. २०११ चा ब्रिटनमधला एक प्रयोग आहे. नेदरलँड्समधल्या दोन प्रसिद्ध बायकांचे मिळून ४० फोटो लोकांना दिले आणि सांगितलं की माणसाप्रमाणे गठ्ठे करा. ब्रिटनमधल्या लोकांना दोघीही अनोळखी, त्यांनी साधारण सात-आठ गठ्ठे केले. दोन बायकांच्या सात-आठ झाल्या! ज्यांना त्या ओळखीच्या होत्या अशा डच लोकांनी बहुतेक दोनच केले. फोटो काही अंधुक नव्हते बरं का. म्हणजे फ्रेम स्पष्ट आहे हे खरं मानलं तरी एकच माणूस प्रकाश, अंतर, हावभाव बदलला की अनोळखी डोळ्याला वेगळा दिसतो, आणि त्याच कारणाने दुसराच कोणी एखाद्या क्षणी हुबेहूब वाटतो. एका फ्रेममध्ये तुम्हाला त्या चेहऱ्याचं एकच रूप मिळतं. तो चेहरा किती बदलतो याचा अंदाज फक्त क्लिप देते.

गणेश_तांत्रिक: सोपा हिशोब आहे, ७५ फ्रेम्स म्हणजे ७५ साक्षीदार. ७० फ्रेम्समध्ये तोच वाटला तर तोच. सगळ्या फ्रेम्स एकावर एक ठेवून सरासरी काढली की मुंग्यामुंग्या जातात आणि चेहरा स्वच्छ होतो, मी करून बघितलंय.

सुहास_क: गणेश, सरासरीचं अर्धं खरं आहे. प्रत्येक फ्रेममधला खरखरीतपणा स्वतंत्र असेल तर ४ फ्रेम्सची सरासरी काढल्यावर तो निम्मा होतो, १६ फ्रेम्सवर पाव. पण वर सांगितलं तसं मधल्या फ्रेम्स एकमेकींचेच तुकडे घेऊन बनलेल्या असतात, त्यामुळे चूकही एकच असते आणि सरासरी काढून ती आणखी पक्की दिसायला लागते. एका साक्षीदाराचं बोलणं सात जणांनी ऐकून सांगितलं म्हणून ते सात साक्षीदार होत नाहीत. आणि कॅमेरा उंचावर असेल तर कपाळ मोठं आणि हनुवटी छोटी दिसणार, ती चूक ७५ च्या ७५ फ्रेम्समध्ये तशीच राहणार.

क्लिपचा उपयोग मतं मोजायला नाही. मी एक खूण धरतो आणि बघतो की मान वळली, उजेड बदलला, नवीन आय-फ्रेम आली, तरी ती चेहऱ्याला धरून राहते का. राहिली तर ती माणसाची, नाहीतर फाइलची. कुठली फ्रेम पूर्ण आणि कुठली जोडतोड हे बघायला ffprobe या प्रोग्रामची ही एक ओळ पुरते, समोर I आलं ती पूर्ण, P आणि B आलं त्या जोडलेल्या:

```
ffprobe -select_streams v -show_entries frame=pict_type -of csv clip.mp4
```

मिलिंद_७: ठीक आहे, मग आय-फ्रेमच घ्या की. पूर्ण चित्र, स्पष्ट, जोडतोड नाही. म्हणजे परत एकच फ्रेम पुरली.

सुहास_क: आय-फ्रेम पूर्ण असते, पण ती माणसाच्या सोयीने येत नाही. त्या क्षणी तो चालत असेल तर? माणूस साधारण सेकंदाला १.४ मीटर चालतो. रात्री उजेड कमी म्हणून कॅमेऱ्याचं शटर १/२५ सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात तो साडेपाच सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. आडवा चालत असेल तर १५ सेंटीमीटरचा चेहरा साडेपाच सेंटीमीटर फरफटला. नाक रुंद झालं, डोळे एकमेकांकडे ओढले गेले. आणि गंमत नाही, अशी फ्रेम कधीकधी गुळगुळीत आणि 'स्पष्ट' वाटते कारण खरखर त्या फरफटीत पुसली जाते. आधीच्या-नंतरच्या फ्रेम्स बघितल्या की कळतं तो चालत होता की दाराशी थांबला होता. थांबलेला क्षण सापडला तर उत्तमच, पण तो थांबला होता हे तुम्हाला कशावरून कळलं? क्लिपवरूनच.

आणि स्पष्ट फ्रेम निवडतो कोण? बहुतेक वेळा ज्याच्या डोक्यात नाव आधीच आलेलं असतं तो. त्याला नकळत तीच फ्रेम 'सगळ्यात चांगली' वाटते जिच्यात साम्य जास्त आहे.

शलाका: डेट्रॉइटचं प्रकरण यातच येतं ना? २०१८ मध्ये दुकानातून घड्याळं चोरीला गेली, फुटेजमधली एक अंधुक फ्रेम चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला दिली, त्याने एकाचा लायसनवरचा जुना फोटो सुचवला. मग जिने चोराला प्रत्यक्ष पाहिलंच नव्हतं, फक्त व्हिडिओ पाहिला होता, तिला फोटो दाखवून ओळख पटवली आणि जानेवारी २०२० मध्ये त्या निरपराध माणसाला घरासमोरून बायको-मुलींदेखत उचललं. वाचून आजही संताप येतो.

मिलिंद_७: संताप मलाही येतो, पण शलाकाताई, तुम्हीच म्हणताय की तिने व्हिडिओ पाहिला होता. मग क्लिपने काय वाचवलं? चोराने टोपी घातली होती, फुटेज खराब होतं. खराब क्लिप ही खराब फ्रेमइतकीच निकामी, आणि लांब क्लिप बघितली की 'आपण नीट बघितलंय' असा खोटा विश्वास वाढतो, हा माझा मूळ आक्षेप आहे.

रेवती: मिलिंद यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते टाळून चालणार नाही. १९९९ च्या एका अभ्यासात खराब फुटेजमधून आपल्या प्राध्यापकांना विद्यार्थ्यांनी झटकन ओळखलं, पण ज्यांना ते अनोळखी होते त्यांना जमलं नाही, त्यात पोलीसही होते. आणखी एक, ओळखीच्या लोकांनी चालीवरून ओळखलं असेल असं आपल्याला वाटतं, पण चाल झाकली तरी फारसा फरक पडला नाही, चेहरा झाकल्यावर मात्र पार अडलं. त्यामुळे 'क्लिपमध्ये चाल दिसते म्हणून क्लिप भारी' हा युक्तिवाद मी करणार नाही. अनोळखी माणसाने क्लिप नुसती चालू करून बघितली तर त्याला किती फायदा होतो हे मलाही ठाम सांगता येणार नाही. सुहास सांगतात तसं खूण धरून तपासणं वेगळं.

वाटसरू: बरं, मग क्लिप फॉरवर्ड होऊन आलेली असेल आणि चेहरा ४-५ फ्रेम्सपुरताच दिसत असेल तर?

सुहास_क: आधी मूळ रेकॉर्डिंग मिळतंय का बघा. फॉरवर्ड करताना फाइल पुन्हा दाबली जाते, लांबी-रुंदी कमी होते, पूर्ण फ्रेम्स कुठे येतात तेही बदलतं. स्क्रीनचा फोटो तर नकोच. मूळ मिळालं नाही तर त्या ४-५ फ्रेम्स सलग ठेवा, त्यातली एक उचलू नका, आणि साम्यापेक्षा विसंगती आधी शोधा. कानाची पाळी, केस कुठून सुरू होतात, चष्म्याची दांडी. एक ठाम विसंगती दोन-तीन फ्रेम्समध्ये, मान वळल्यावरही टिकली तर तो माणूस नाही असं म्हणता येतं. साम्य टिकलं तर मी एवढंच लिहितो की या माणसाला वगळता येत नाही. 'हाच आहे' असं ५ फ्रेम्सवर मी लिहिलेलं नाही.

मिलिंद_७: म्हणजे क्लिप माणसाला वगळायला कामाची, ओळख पक्की करायला नाही, असं तुमच्याच लिहिण्यातून निघतंय. मग तोंडभर उजेडात, थांबून, सरळ कॅमेऱ्यात बघितलेली एक फ्रेम असेल तर ती मी अजूनही वर ठेवेन.

सुहास_क: तशी फ्रेम मिळाली तर मीही आधी तीच उघडेन. फक्त तिच्या मागच्यापुढच्या फ्रेम्स टाकून द्यायला सांगू नका.