मदत हवी आहे: ट्रीमॅपमधले लहान चौकोन नावाविना राहतात

इंदूरच्या आमच्या मंडळाचा गणेशोत्सवाचा २,४०,००० रुपयांचा खर्च एक्सेल २०१९ मध्ये ट्रीमॅपने दाखवायचा आहे. रकाने तीन: विभाग, बाब, रक्कम. विभागाची पट्टी Banner केली, पण तिच्यावर फक्त नाव येतं, टक्केवारीचा पर्यायच नाही. म्हणून D रकान्यात हे सूत्र घातलं आणि A ऐवजी तोच वापरला:

```
=A2&" "&TEXT(SUMIF(A:A,A2,C:C)/SUM(C:C),"0%")
```

आता ‘मंडप 40%’, ‘महाप्रसाद 30%’ छान दिसतं. पण हार-फुलं, छपाई अशा लहान बाबींची नावं चौकोनात मावली नाहीत की गायबच होतात. अक्षर ८ पॉइंट केलं, तरी तेच. हिशेब ए-४ कागदावर छापून सभासदांना द्यायचाय, त्यामुळे माउस नेऊन नाव पाहण्याचा उपयोग नाही. प्रत्येक बाब दिसायलाच हवी, असा ज्येष्ठांचा आग्रह आहे आणि तो रास्त आहे. एक्सेलमध्येच ही नावं दिसतील अशी काही सोय आहे का, की ‘किरकोळ’मध्ये एकत्र करून खाली तक्ता जोडावा?