प्रति: प्रमाण विचलन की प्रमाण त्रुटी?

> "सूत्रं पाठ असूनही मुलं नेमक्या पेपरात १६ ने भागायचं की २ ने, इथेच का अडकतात?"

सूत्रात नाही, प्रश्न कोणाबद्दल आहे हे वाचण्यात अडकतात. ठाण्यात बारावीनंतरच्या मुलांना शिकवताना मी हेच गणित देते: घर ते कॉलेज प्रवासाची सरासरी ५० मिनिटं, प्रमाण विचलन १६. यादृच्छिकपणे निवडलेल्या ६४ जणांची सरासरी ५३ च्या वर जाण्याची शक्यता किती? बरीच मुलं ५३ आणि ५० मधल्या ३ च्या फरकाला १६ ने भागतात आणि ४३ टक्के लिहून मोकळी होतात. पण प्रश्न एका मुलाचा नाही, ६४ जणांच्या सरासरीचा आहे. १६ ला ६४ च्या वर्गमुळाने, म्हणजे ८ ने भागलं की प्रमाण त्रुटी २ येते. मग ३ ला २ ने भागून z = 1.5, शक्यता जेमतेम ७ टक्के.

गोंधळाचं मूळ मला एककात दिसतं: १६ पण मिनिटं आणि २ पण मिनिटं. शिवाय प्रमाण त्रुटी हेही प्रमाण विचलनच, फक्त नमुन्यांच्या सरासऱ्यांचं. म्हणून मी विचारते, ६४ ऐवजी २५६ जण घेतले तर काय बदलेल? त्रुटी १ वर येईल. कळव्याहून येणारा आणि बदलापूरहून येणारा यांच्या वेळेतला फरक मात्र तेवढाच राहील.