मदत हवी आहे: जत्रेच्या नाटकात दोन अंकांमध्ये वाचायचं शाळेच्या ग्रंथालयासाठीचं आवाहन

वाळपईचा_पालक
नमस्कार मंडळी. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावात सरकारी मराठी प्राथमिक शाळा आहे. पहिली ते चौथी मिळून १९ मुलं. पालक-शिक्षक संघाने मुलांसाठी ग्रंथालय करायचं ठरवलंय आणि ४०,००० रुपये जमवायचे आहेत. देवस्थान समितीने जत्रेच्या रात्री नाटकाच्या दोन अंकांमध्ये तीन मिनिटं दिली आहेत. पणजी-मुंबईची माणसं त्या दिवशी गावात असतात, म्हणून संधी सोडायची नाही.

चौथीतल्या एका मुलीची गोष्ट सांगून आवाहन करावं असं ठरलं. लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात आलं. सुरुवात अशी केलीय:

"२०१८ मध्ये खाणी बंद झाल्या आणि तिच्या बाबांचा ट्रक दारात उभा राहिला. पुढे तो विकावा लागला. आज या घरात दोन वेळची चूल कशीबशी पेटते. आपल्या गावच्या शाळेत वाचायला एकही पुस्तक नाही. अशा अंधारात ही चिमुकली…"

पुढे वाचनाचं महत्त्व, मग आकडे, मग विनंती. एकूण सातशे शब्द झालेत. बायकोने ऐकलं आणि म्हणाली, "हे ऐकून लोक चहाला उठतील." काय बदलू? मुख्याध्यापिका बाई वाचायला तयार आहेत.

माशेलची_वैनी
विषय छान. आमच्याकडे माडीवर जुनी मासिकं आणि दिवाळी अंक आहेत, चारेकशे तरी असतील. सासऱ्यांनी जपून ठेवलेले. पाठवून देऊ का? गाडीची सोय तेवढी करा.

वाळपईचा_पालक
वैनी, देव बरें करूं. पण आमची वाचणारी मंडळी सहा ते दहा वर्षांची. पहिली-दुसरीला मोठ्या अक्षरांची, चित्रांची पुस्तकं हवीत. दिवाळी अंक गावच्या वाचनालयाला उपयोगी पडतील.

अनुराधा_फोंडा
मी एका संस्थेसाठी बरीच वर्षं अशी आवाहनं लिहिते. मुद्दे थोडेच सांगते.

गाव एवढं लहान की नाव बदलून काही लपत नाही. दुसऱ्या वाक्याला सगळ्यांना कळेल हे कुणाचं घर. ती मुलगी बहुतेक पहिल्याच रांगेत बसलेली असेल आणि दुसऱ्या दिवशी शाळेत तिला "चूल पेटते का गं?" ऐकावं लागेल. म्हणून प्रत्येक ओळीला एकच कस लावा: ही ओळ ती स्वतः तिथे बसून ऐकू शकेल का? नसेल तर ओळ काढा. ट्रकाचं तर असंही काढा. समोर बसलेल्या निम्म्या लोकांचे ट्रक उभे राहिले असतील. त्यांना त्यात बातमी नाही, नुसती जखम आहे.

दुसरं, "एकही पुस्तक नाही" हे खरं आहे का? सरकारी प्राथमिक शाळेला समग्र शिक्षाकडून ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. प्रेक्षकांत एखादा निवृत्त मास्तर असतोच. तो हे खालून ओरडून विचारेल.

आणि ती मुलगी नेमकी काय वाचते? तुमच्या सातशे शब्दांत तेच नाही.

वाळपईचा_पालक
शाळेत एक लोखंडी कपाट आहे, त्यात साठेक पुस्तकं. बरीचशी मोठ्या मुलांची. पावसाळ्यात कपाट बंद राहिलं की बुरशी धरते, मग बाई कुलूपच काढत नाहीत.

काय वाचते म्हणाल तर गंमत आहे. तिचा काका गावच्या नाटकात काम करतो. घरात पाठ्यपुस्तकांशिवाय नाटकाच्या संहिताच पडलेल्या असतात, त्या ती वाचते. यंदा तालमीला प्रॉम्प्टर आला नाही तेव्हा दोन रात्री तिनेच वही धरली. खलनायकाची वाक्यं तिला पाठ आहेत, आणि म्हणते पण अगदी त्याच्याच आवाजात.

अनुराधा_फोंडा
अहो, हे घरात ठेवून तुम्ही चूल काय पेटवत बसलात! जे नाटक लोक आत्ता बघताहेत त्याचीच वही तिने धरली होती. गोष्ट इथून सुरू होते.

पेडण्याचा_मास्तर
बाईंचं पटलं, पण आकडे हवेतच. किती शाळांत ग्रंथालय नाही, वाचनात मुलं किती मागे आहेत, हे सांगितल्याशिवाय लोकांना गांभीर्य कळत नाही. गोष्ट आणि आकडे दोन्ही द्या, दुप्पट परिणाम होईल.

अनुराधा_फोंडा
मास्तर, उलटंच होतं. स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोव्हिक यांचा २००७ चा अभ्यास आहे. माणसांना पाच डॉलर हातात दिले आणि त्यातले हवे तेवढे दान करायला सांगितले. आफ्रिकेतल्या एका मुलीची गोष्ट वाचलेल्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, नुसती आकडेवारी वाचलेल्यांनी १.१४. गोष्टीला आकडेवारी जोडली तेव्हा १.४३ वर आले. आकडे दिसले की माणूस हिशेब करू लागतो आणि हात आखडतो.

अर्थात तिथे देणाऱ्यांना ती मुलगी अनोळखी होती, इथे ती शेजारची आहे. तेवढा फरक धरूनच हे वापरायचं. पण मोठ्या संकटाचे आकडे वगळा. मागणीचा आकडा मात्र हवा, आणि तो गोष्ट संपल्यावर. ४०,००० चा हिशेब कसा केलाय?

वाळपईचा_पालक
३५० पुस्तकं, सरासरी ७० रुपये, म्हणजे २४,५००. गावच्या सुताराकडून भिंतीलगत उघड्या दोन मांडण्या, ९,०००. कव्हरं आणि नोंदवह्या १,५००. उरलेले ५,००० फाटलेल्या पुस्तकांच्या जागी पुढच्या वर्षी नवी घ्यायला.

अनुराधा_फोंडा
हिशेब चोख आहे, पण स्टेजवरून ४०,००० म्हटलं की प्रत्येकाला वाटतं हे कुणातरी मोठ्या माणसाचं काम. दहा पुस्तकांचे ७०० होतात. ३५ घरांनी ७०० दिले की पुस्तकं झाली. स्टेजवरून एवढंच मागा. मांडण्या, कव्हरं आणि पुढच्या वर्षीचे पैसे महाजनांपैकी दोघा-तिघांकडे आधीच घरी जाऊन मागा. आणि वर्गणीच्या नावांची वही कोरी घेऊन फिरू नका. पाच-सहा घरांची नावं आधी लिहिलेली असली की सातवा निमूट लिहितो.

स्विंडनकर
मूळचा डिचोलीचा, आता इंग्लंडात स्विंडनला. वाचून बरं वाटलं. क्यूआर कोड इथे टाका, मी दहा घरांचे देतो. पोर्तुगीज पासपोर्ट आहे, पण ओसीआय कार्ड आहे, म्हणजे भारतीयासारखंच धरतात. चालेल.

ताळेबंद_मडगाव
थांबा. ओसीआय असलं तरी तुमचं नागरिकत्व परदेशी. एफसीआरए कायद्याप्रमाणे तुमचे पैसे परदेशी देणगीत मोडतात, इथल्या खात्यातून रुपयांत दिले तरी. ते घ्यायला नोंदणी लागते आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत वेगळं खातं लागतं. गावच्या पालक संघाकडे हे कुठून असणार? परदेशात राहणारा पण भारतीय पासपोर्टवाला असेल तर त्याचे पैसे चालतात. म्हणून वही घेऊन फिरणाऱ्याने बाहेरगावच्या माणसाला पासपोर्टचं विचारूनच लिहावं. गोव्यात हा प्रश्न घरोघरी आहे.

करसवलतीचंही आत्ताच सांगतो. ८०जीची नोंदणी नसेल तर स्टेजवरून तो शब्दही काढू नका. साधी पावती द्या.

आणि मुख्याध्यापिका बाईंनी वाचू नये. सरकारी नोकराला वर्गणी मागायला किंवा गोळा करायला आधी मंजुरी लागते. वर्तणूक नियम १९६४, नियम १२. पालकानेच वाचावं. पैसे कुणाच्या खाजगी मोबाइलवर घेऊ नका, संघाच्या दोन सह्यांच्या खात्यातच जाऊ द्या.

स्विंडनकर
मग भावाच्या खात्यातून पाठवतो. तो डिचोलीतच असतो.

ताळेबंद_मडगाव
पैसे तुमचेच राहिले ना? भावाने स्वतःचे द्यावेत, तुम्ही जत्रेला या.

वाळपईचा_पालक
सगळं धरून नव्याने लिहिलं. मीच वाचणार. घड्याळ लावून पाहिलं, सावकाश वाचून दोन मिनिटांच्या आत बसतं:

"मंडळी, आत्ता जो अंक बघितलात त्याच्या तालमीला दोन रात्री प्रॉम्प्टर आला नव्हता. वही धरायला बसली आपल्या शाळेतली चौथीची एक मुलगी. खलनायक अडखळला की ती वही न बघताच पुढचं वाक्य सांगायची. आम्ही विचारलं, तुला पाठ कसं? म्हणाली, घरात वाचायला हेच आहे, म्हणून परत परत वाचते.

शाळेत एक कपाट आहे. त्यातली पुस्तकं मोठ्या मुलांची, आणि पावसाळ्यात ते बंद राहतं. या मुलीची चौथी संपत आली. तिच्या मागे पहिलीत पाच मुलं आहेत.

आम्हाला ३५० पुस्तकं घ्यायची आहेत, या वयाच्या मुलांची, हाताला येतील अशी उघड्या मांडणीवर. दहा पुस्तकांना ७०० रुपये पडतात. ३५ घरं हवीत. सहा घरांनी नावं दिली आहेत, २९ राहिली. पुढचा अंक सुरू व्हायच्या आत वही तुमच्याकडे येईल. आज नुसतं नाव लिहा, पैसे आठवड्यात द्या. कुठली पुस्तकं आली त्याची यादी देवळाच्या फळ्यावर लागेल."

सहा घरं खरोखरच झालीत, आणि मांडण्यांचं दोन महाजनांनी कबूल केलंय. गावात नेटवर्क मिळत नाही म्हणून क्यूआरऐवजी वही.

अनुराधा_फोंडा
"तिच्या मागे पहिलीत पाच मुलं" ही ओळ माझ्याकडून येती तर मला आनंद झाला असता. ग्रंथालय होईपर्यंत ती शाळा सोडून गेलेली असेल, हे तुम्ही लपवलं नाही. एक करा: हा मजकूर तिच्या आईला आणि तिला मोठ्याने वाचून दाखवा, आणि जत्रेच्या संध्याकाळपर्यंत नको म्हणायची मुभा द्या. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढणारच, तो गावात राहणार नाही. म्हणून नाव नको.

पेडण्याचा_मास्तर
मला वाटतं तिलाच स्टेजवर बोलवा. खलनायकाचं एक वाक्य म्हणू दे, टाळ्या कडाडतील, ७०० चे १,४०० होतील.

अनुराधा_फोंडा
टाळ्या होतील हे खरं. पण मग वही फिरताना ती तिथेच उभी, आणि लोक तिच्याकडे बघून आकडा लिहिणार. मी नाही करणार.

पेडण्याचा_मास्तर
वैनींच्या चारशे अंकांइतकं तरी माझं ऐका. पोरीला आवडलं तर?

वाळपईचा_पालक
काल वाचून दाखवलं. आईचं म्हणणं, गोष्ट सांगा, नाव नको. काकाचं म्हणणं, नाव घ्याच, घराण्याची शान आहे. पोरीने एकच दुरुस्ती सांगितली: खलनायक दोनदा अडखळला होता, नायक सात वेळा, तेव्हा नायकाचं लिहा. आता पंचाईत अशी की नायकाचं काम आमच्या देवस्थान समितीचे सचिव करतात. मास्तर, स्टेजचं तिला अजून विचारलेलं नाही.

माशेलची_वैनी
सचिवांना आधी विचारा, मगच वाचा. आणि दिवाळी अंक कुणाला हवे असतील तर सांगा, माडी रिकामी करायची आहे.