मदत हवी आहे: मिस्त्रीसोबत मजुरीचा करार कसा लिहायचा? (सोलापूर, वरचा मजला)

जुळेसोलापूरकर:
नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात आमचं तळमजल्याचं घर आहे, बाहेरून 20 बाय 30, आठ वर्षांपूर्वी बांधलं तेव्हाच कॉलमच्या सळया वर सोडून ठेवल्या होत्या. आता वर दोन खोल्या नि किचन काढायचंय. परवानगी, नकाशा, इंजिनिअरचं ड्रॉइंग सगळं झालंय, त्याचं विचारत नाहीये. मिस्त्रीपण ठरलाय, 350 रुपये फूट मजुरी, माल सगळा माझा, सेंटरिंग त्याचं. सेंटरिंग, सळया, काँक्रिट, वीटकाम, प्लास्टर, पॅरापेट एवढं त्याच्याकडे. फरशी, लाईट, प्लंबिंग वेगळं.

अडलंय ते कागदावर. तो म्हणतो "मालक, कागद कशाला, शब्द आहे की." शब्दाचं काय होतं ते आम्ही खालच्या मजल्याला बघितलंय, वडिलांनी सगळं तोंडी ठरवलेलं, त्या वेळचा मिस्त्री बाहेरचं प्लास्टर अर्धं सोडून दुसऱ्या साईटवर गेला तो गेलाच, वर मिळेल त्या गवंड्याकडून दुप्पट पैशात पूर्ण करून घ्यावं लागलं. म्हणून मी वहीत एवढं लिहिलंय:

"एकूण 600 फूट, 350 प्रमाणे 2,10,000. उचल 50,000. स्लॅब पडल्यावर 1,00,000. बाकी 60,000 काम संपल्यावर."

यात काय राहिलंय, काय चुकलंय? बांधकामातलं मला फार कळत नाही, मी बँकेत असतो.

शेंगाचटणी:
350 म्हणजे लई लावला बे तुला. आमच्या शेळगीकडं कमीत करतात. नंबर देऊ का एकाचा?

जुळेसोलापूरकर:
रेट ठरलाय हो, तो प्रश्न नाहीये. कागदाचं सांगा.

कायदापंडित:
100 च्या स्टँपवर करा आणि नोटरी करून घ्या, नाहीतर कोर्टात शून्य किंमत. साध्या कागदाला करार म्हणतच नाहीत. आणि प्लास्टरच्या मापात दारं-खिडक्या वजा करायचं नक्की लिहा, तिथंच हे लोक खातात.

ओळंबा:
पंडित, अर्धं बरोबर आहे. साध्या कागदावरचा, अगदी तोंडी करारसुद्धा करार असतो, फक्त भांडण कोर्टात गेलं तर बिनस्टँपचा कागद पुराव्यात घ्यायला अडचण येते. आणि 100 चा स्टँप आता विसरा, ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात ह्या कामाला 500 चा लागतो. नोटरी सक्तीची नाही. दारं-खिडक्या वजा करायचा मुद्दा प्लास्टरचा रेट प्लास्टरच्या फुटावर असेल तेव्हाचा. ह्यांचा सगळा रेट बांधकामाच्या फुटावर आहे, त्यामुळे इथं तो येतच नाही.

जुळेसोलापूरकर, मी बावीस वर्षं साईटवर सुपरवायझर आहे, होटगी रोड ते बाळे. तुमच्या चार ओळींत दोन मोठी भोकं आहेत. पहिलं भोक "600 फूट". हे 600 कुठलं? तुमच्या ड्रॉइंगमध्ये स्लॅब पुढच्या बाजूला बाहेर काढलाय का?

जुळेसोलापूरकर:
हो, 30 फुटाच्या बाजूला 2 फूट, बाल्कनीसारखं.

ओळंबा:
मग स्लॅब 22 बाय 30 म्हणजे 660 फूट. भिंतीच्या बाहेरून मोजलं तर 600, स्लॅबच्या कडेनं मोजलं तर 660, फरक 60 फूट, 350 प्रमाणे 21,000 रुपये. आज तुम्ही 600 धरताय, मिस्त्री मनात 660 धरतोय, आणि दोघंही खरं बोलताय. शेवटच्या हिशोबाला हे निघतं तेव्हा प्लास्टर अर्ध्यावर असतं. म्हणून लिहा की माप भिंतीच्या बाहेरच्या कडेनं की स्लॅबच्या कडेनं, बाल्कनी पूर्ण धरायची की अर्धी, जिन्याची टोपी आणि टाकीचा ओटा रेटमध्ये की वेगळा. माळा आणि किचन ओटा कुणीच लिहीत नाही आणि भांडण तिथंच होतं.

आणखी एक, आठ वर्षं उघड्यावर राहिलेल्या सळयांवर गंज असणार. तारेच्या ब्रशनं घासून घेणं, जुनं काँक्रिट टोचून खरखरीत करणं, हे काम कुणाचं ते लिहा. नाहीतर तो म्हणणार "ते बिगाऱ्याचं, त्याचा रोज वेगळा द्या." गंजानं सळई खाऊन बारीक झाली असेल तर मात्र इंजिनिअरला दाखवल्याशिवाय कॉलम उचलू देऊ नका.

दुसरं भोक हप्त्याचं. स्लॅबपर्यंत त्याच्या हातात दीड लाख गेले, म्हणजे सत्तर टक्क्यांच्या वर. पण त्यानंतर राहिलेलं वीटकाम, आतलं-बाहेरचं प्लास्टर, पॅरापेट, सगळं मिळून फक्त 60,000 त. एवढ्यात त्याला गडी परवडत नाहीत, दुसऱ्या साईटवर नवी उचल मिळते, तो जाणारच. तुमच्या वडिलांच्या मिस्त्रीनं हेच केलं असणार. माणूस वाईट म्हणून नाही, हिशोब वाईट म्हणून.

गड्ड्याचीगर्दी:
ओळंबा साहेब बरोबर बोलले. माझ्या स्लॅबला गळती लागलीय, पावसाळ्यात कोपऱ्यातून पाणी ठिबकतं, वॉटरप्रूफिंग कुठलं करू?

ओळंबा:
वेगळा धागा काढा दादा, इथं हरवेल.

जुळेसोलापूरकर:
मग हप्ते कसे पाडू? तो म्हणतो दर आठवड्याला गड्यांना खर्ची द्यावी लागते, स्लॅब पडेपर्यंत थांबू शकत नाही.

ओळंबा:
त्याचं खरं आहे. खर्ची देणार नाही असं लिहून चालत नाही, बाजाराच्या दिवशी बिगारी पैसे मागतोच. म्हणून हप्ते कामाच्या टप्प्याला बांधा आणि खर्ची त्या टप्प्याच्या आत बसवा. तुमचे 2,10,000 मी असे पाडेन: सामान आणायला 10,000. सगळे कॉलम भरले की 30,000. स्लॅब पडला की 65,000, कारण सेंटरिंगचं भाडं, सळई बांधणी नि स्लॅबच्या दिवशीची मोठी गँग हे सगळं त्यात आहे. लिंटेलसकट वीटकाम पूर्ण 40,000. आतलं प्लास्टर 30,000. बाहेरचं प्लास्टर आणि पॅरापेट 20,000. आणि 15,000 राखून ठेवा, ते काम संपल्यावर एका महिन्यानं, तोवर छतावर पाणी साठवून ओल येते का ते बघून घ्या, प्लास्टर टकटक करून पोकळ आवाज येतो का तेही. माप 660 ठरलं तर आकडे त्याच प्रमाणात वाढवा.

आता खर्ची. टप्प्याच्या रकमेच्या साठ टक्क्यांपर्यंत दर आठवड्याला द्या, बाकी चाळीस टप्पा पूर्ण झाल्यावरच. वीटकामाचे 40,000 असतील तर खर्चीत जास्तीत जास्त 24,000, मग भिंती पूर्ण होईपर्यंत हात आखडता. एक छोटी वही ठेवा, तारीख, रक्कम, कुठल्या टप्प्याची, दोघांच्या सह्या. मोबाईलवरून पाठवलं तरी वहीत लिहा, तीन महिन्यांनी "ते पैसे मी उसने घेतले होते" हे ऐकायला मिळतं.

सीमेंटकाका:
मालाचं कुणी बोलत नाही. पोती मालकाची आणि वापर मिस्त्रीचा, तिथं खरी गळती. माझ्याकडं स्लॅबला दहा पोती जास्त लागली म्हणून सांगितलं, नंतर शेजारच्या साईटवर माझ्याच ब्रँडची पोती दिसली.

ओळंबा:
ब्रँडवरून चोरी सिद्ध होत नाही काका, अर्धं सोलापूर तोच वापरतं. पण हिशोब सोपा आहे. स्लॅबला 1:1.5:3 चा माल असेल तर एका ब्रास काँक्रिटला साधारण 22-23 पोती जातात. 660 फूट, 5 इंच जाडी म्हणजे पावणेतीन ब्रास, साठ-बासष्ट पोती नुसत्या स्लॅबला, बीम वेगळे. करारात लिहा की पोतं फोडताना मालकाचा माणूस हजर असेल आणि रिकामी पोती मालकाकडे मोजून दिली जातील. रिकाम्या पोत्यांवरून भांडणारे मिस्त्री बघितलेत मी, त्यांना ती विकायची असतात. पाहिजे तर नंतर त्यालाच द्या, पण मोजल्यावर.

आणि सगळ्यात मोठं, पाणी. आपल्याकडं नळाला काही दिवसांआड पाणी, एप्रिलमध्ये ऊन बेचाळीस-त्रेचाळीस. स्लॅबला तडे गेले की मिस्त्री म्हणतो मालकानं पाणी मारलं नाही, मालक म्हणतो तुझा माल कमी पडला. म्हणून लिहा: पाणी आणि टँकर मालकाचा, स्लॅबवर आळी करून पाणी भरून ठेवायचं काम मिस्त्रीचं, चौदा दिवस. मिस्त्री सांगेल सात पुरे. साध्या सिमेंटला कमीत कमी सात हे खरं, पण आता बहुतेक पोती राखमिश्रित पीपीसीची असतात, त्यात हे ऊन, त्यामुळे ताणून धरलं तरी दहाच्या खाली जाऊ नका. आणि सेंटरिंग कधी काढायचं तेही लिहा. बीमचे टेकू चौदा दिवसांच्या आत हलवायचे नाहीत, 6 मीटरपेक्षा लांब बीम असेल तर एकवीस. प्लेटा त्याच्या आहेत ना, म्हणून दुसऱ्या साईटला न्यायला तो घाई करणार.

कायदापंडित:
गडी वरून पडला तर जबाबदारी मिस्त्रीची, एवढी ओळ टाका म्हणजे मालक सुटला.

ओळंबा:
ओळ टाका, पण त्यानं मालक सुटला असं मी म्हणणार नाही. हे वकिलाला विचारा. बाहेरच्या प्लास्टरच्या परांचीला दोरी आणि पट्टा कुणाचा हे मात्र नक्की लिहा.

जुळेसोलापूरकर:
अपडेट देतो. काल रात्री मिस्त्रीला घरी बोलावलं. मराठी बोलतो छान पण घरची भाषा तेलुगू, वाचायला जड जातं, म्हणून मुलीनं एकेक ओळ वाचून दाखवली आणि तो मान हलवत राहिला. मापाचं सरळ मान्य केलं, हसून म्हणाला "मी 660 च धरलेलं." मग बाल्कनी अर्धी धरून 630 वर मिटलं, म्हणजे 2,20,500. सळया घासायचं त्याच्याकडे. राखीव 15,000 वर थोडा चिडला, 10,000 वर आणलं.

पण एका ठिकाणी त्यानं मला गप्प केलं. म्हणाला "मालक, तुमची वाळू आली नाही आणि माझे सहा गडी बसून राहिले तर त्यांचा रोज कोण देणार? ते पण लिहा की." ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तीन दिवस आधी माल सांगायचा त्याचं काम, सांगूनही आला नाही तर बसल्या गड्यांची अर्धी हजेरी मी द्यायची असं लिहायचं ठरलंय, पण पूर्ण द्यावी असं तो अजून म्हणतोय. अर्धी रास्त आहे का? आणि गड्डा यात्रेच्या आठवड्यात गडी येतच नाहीत, तेव्हाचं काय धरायचं?

सीमेंटकाका:
अर्धी बरोबर. माझ्या वेळी कुणी लिहिलं असतं तर...

ओळंबा:
सांगूनही माल आला नाही तर मी पूर्ण देईन, चूक तुमची ना. पण फक्त पहिल्या दिवसाची. दुसऱ्या दिवशी त्यानं गडी दुसरीकडं लावावेत. गड्ड्याला सुट्टीच धरा, तेवढे दिवस मुदतीत वाढवून द्या, त्यात वाद नको. स्टँपवर उतरवण्याआधी मजकूर एकदा इथं टाका, नाव-पत्ता काढून.