मदत हवी आहे : दवाखान्याच्या रजिस्टरमधला 'शुगर' कॉलम नीट कसा लिहायचा?

पूर्वा_विश्रामबाग
नमस्कार. सांगलीत एका फिजिशियनच्या दवाखान्यात मी रिसेप्शन आणि रजिस्टर सांभाळते. रोजची नोंद एक्सेलमध्ये असते. पुढच्या महिन्यापासून मी बाळंतपणाच्या रजेवर आहे. माझ्या जागी नवीन मुलगी येणार, म्हणून कोणत्या कॉलममध्ये काय लिहायचं, कुठल्या एककात, काय चालतं नि काय नाही, याचा एक तक्ता करतेय. नाव, तारीख, वजन झालं. शुगरला अडकले.

डॉक्टरांनी गेल्या महिन्याची सरासरी मागितली, ती ९६ आली. डॉक्टर म्हणाले, "आपल्याकडे निम्मे पेशंट मधुमेहाचे, हे शक्यच नाही." बघितलं तर २०० भेटींपैकी ८० जणांची शुगर मोजलीच नव्हती आणि तिथे आम्ही ० टाकत होतो. आता काय लिहू?

एक्सेलवाला_कुपवाड
शून्याऐवजी ९९९ टाका. एवढी शुगर मीटर दाखवतच नाही, त्यामुळे 'मोजली नाही' हे लगेच कळतं. मोठ्या सर्व्हेत असंच करतात.

नोंदवही_मिरज
सर्व्हेत करतात हे खरं, पण तिथे हिशेबाआधी ते ९९९ वगळणारा माणूस बसलेला असतो. दवाखान्यात कुणीतरी थेट सरासरी काढणार आणि ती ९६ ऐवजी साडेचारशेच्या वर जाणार. पूर्वाताई, मोजली नसेल तर खाना रिकामा ठेवा. तुमचेच आकडे घ्या : ९६ गुणिले २०० म्हणजे १९२००. त्याला मोजलेल्या १२० ने भागा, १६० येतात. डॉक्टरांना हाच आकडा हवा होता.

पण नुसता रिकामा खाना म्हणजे मोजली नाही, की लिहायची राहिली? त्यासाठी शेजारी टिपेचा कॉलम करा. आणि एक विचारतो, मीटरवर कधी `HI` येतं का? तेव्हा काय लिहिता?

पूर्वा_विश्रामबाग
येतं की. `HI` असंच शुगरच्या खान्यात लिहितो.

नोंदवही_मिरज
मग शून्याच्या उलटी चूक तिथे होतेय. एक्सेल सरासरी काढताना अक्षरं सोडून देतं, म्हणजे सगळ्यात जास्त शुगरचे पेशंटच हिशेबातून गळतात. तिथे ६०० लिहू नका, कारण खरी किती ते कुणालाच माहीत नाही. आकड्याचा खाना रिकामा, टिपेत `HI`, आणि सरासरीखाली असे किती जण होते ते वेगळं लिहायचं. मी असं मांडेन :

```
sugar_mgdl | पूर्णांक 20-600 | mg/dL
sugar_type | F, PP, R, U
sugar_note | HI, LO, ND (मोजली नाही)
```

२० आणि ६०० या बऱ्याच मीटरच्या हद्दी, तुमच्या मीटरचं माहितीपत्रक बघून घाला. एक्सेलच्या Data Validation मध्ये ही हद्द लावली की दुसऱ्या एककातला आकडाही बहुतेक वेळा अडतो. परदेशातल्या मुलाने पाठवलेल्या मीटरवर ७.८ दिसलं, तर ते १८ ने गुणून १४० होतात. तसंच ७.८ टाकायला गेलात तर खाना घेणारच नाही.

तासगावकर_काका
माझी उपाशीपोटी १४० आणि जेवणानंतर २१० येते. ही नॉर्मल आहे का? दोन तासांनी मोजायची म्हणतात, माझी तीन तासांनी मोजली होती.

पूर्वा_विश्रामबाग
काका, हे आकडे तुमच्या डॉक्टरांना लवकर दाखवा, मी फक्त नोंदी ठेवते. पण तुमच्या तीन तासांवरून आठवलं, आमच्याकडेही असंच होतं. त्याला PP लिहायचं का?

नोंदवही_मिरज
नाही. PP म्हणजे पहिल्या घासापासून दोन तास. तक्त्यात 'दहा-पंधरा मिनिटं मागेपुढे चालतील' असं डॉक्टरांकडून ठरवून लिहा, बाकी सगळं R. F म्हणजे निदान आठ तास पाण्याशिवाय काही नाही. जुन्या नोंदींत प्रकार लिहिलेला नसेल तर U. वेळ बघून अंदाजाने F भरू नका.

वाई_सिस्टर
आठ तास कागदावर ठीक आहे. आमच्याकडे पेशंट "उपाशी आलोय" म्हणतात आणि एसटी स्टँडवर चहा झालेला असतो. चहाला ते खाणं धरतच नाहीत. म्हणून मी "सकाळपासून चहा घेतला का?" असंच विचारते.

पूर्वा_विश्रामबाग
सिस्टर, हे वाक्य जसंच्या तसं तक्त्यात घालते. साखरेचा चहा झाला असेल तर R, हे डॉक्टरांनी आत्ताच सांगितलं. बिनसाखरेच्या चहाचं मात्र ते म्हणाले, उद्या बघू. जुन्या ८० शून्यांपैकी काही वेळा मीटरच्या पट्ट्या संपल्या होत्या, तर काही वेळा मोजूनही लिहायची राहिली होती. सगळीकडे ND टाकू का?

नोंदवही_मिरज
केसपेपर काढून बघा. मोजल्याचं दिसलं तर तो आकडा भरा. नाहीच कळलं तर टिपही रिकामी ठेवा.

एक्सेलवाला_कुपवाड
८० केसपेपर शोधायचे? मी तरी शून्यं पुसून पुढे गेलो असतो.