भंडाऱ्याचा किराणा: मार्केट यार्ड की जवळचे दुकान?

“मार्केट यार्डात किलोमागे 15-20 रुपये वाचतात, मग भंडाऱ्याचा सगळाच किराणा तिथून का आणू नये?”

तूरडाळीपुरते हे खरे आहे, साखरेला मात्र लागू पडत नाही. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीने भुसार विभागातून 50 किलो तांदूळ आणि 30 किलोचा तूरडाळीचा कट्टा आणला. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या तुलनेत तांदळात किलोमागे 8 आणि डाळीत 20 रुपये, म्हणजे एकूण 1,000 रुपये वाचले. परंतु टेम्पोचे 800 आणि हमालीचे 100 रुपये वजा करता हाती जेमतेम 100 उरले. शेजारच्या सोसायटीचा मालही त्याच टेम्पोत घातला असता, तर निम्मा खर्च त्यांच्याकडे गेला असता, हे आम्हाला नंतर सुचले. साखरेत किलोमागे फरक 3 रुपयांचाच होता आणि 50 किलोचे पोते फोडून मिळत नव्हते. आमची गरज 20 किलोची असल्याने ती आम्ही जवळच घेतली.

तेलाच्या डब्याचा भाव विचारताना डबा 15 किलोचा आहे की 15 लिटरचा, हे आधी पाहावे. 15 लिटर तेलाचे वजन सुमारे 13.6 किलो भरते, त्यामुळे स्वस्त वाटणारा डबा प्रत्यक्षात महागही असू शकतो. डब्यावर निव्वळ वजन छापलेले असते; भावाला त्याने भागावे आणि मगच दोन दुकानांची तुलना करावी.